हेलियमच्या रेषांची दोन घराणी

[पडद्यावर: हेलियमच्या नळीचा उजेड, मग प्रिझममधून उमटलेल्या रेषा]

या रेषांची दोन वेगळी घराणी आहेत. १८९५ मध्ये रुंग आणि पाशेन या जर्मन शास्त्रज्ञांना तर हे दोन निराळे वायू असावेत असंच वाटलं होतं. पण वायू एकच होता. कोडं १९२६ मध्ये हायझेनबर्गने सोडवलं, आणि त्याचं मूळ निघालं एका चिन्हात.

दोन इलेक्ट्रॉन घ्या. खूण करून ठेवावी असा फरक त्यांच्यात काहीच नाही. त्यामुळे त्यांची अदलाबदल केली, तरी ते कुठे सापडतील याची संभाव्यता, म्हणजे त्यांचं वर्णन करणाऱ्या तरंगफलनाचा वर्ग, जसाच्या तसा राहायला हवा. त्यातून दोनच शक्यता उरतात. एक तर फलन तसंच राहतं, ते बोसॉन. नाहीतर त्याचं चिन्ह उलटतं, ते फर्मिऑन.

[पडद्यावर: एक मीटर लांबीची पेटी, तिच्यात दोन लाटा]

आता एका पेटीत दोन कण ठेवू. एक सर्वात खालच्या अवस्थेत, तिला a म्हणू. दुसरा तिच्या वरच्या b मध्ये. कोणता कुठे, हे विचारण्यात अर्थ नाही, म्हणून दोन्ही मांडण्या एकत्र लिहायच्या:

ψ = [a(x₁)b(x₂) ± b(x₁)a(x₂)] / √2

बोसॉनसाठी अधिक, फर्मिऑनसाठी उणे. पेटीच्या एका टोकापासून पाव मीटरवर a ची किंमत १ आणि b ची √2 येते. दोन्ही कण तिथेच असतील तर? ओळखता येणारे कण असते, तर वर्ग २ आला असता. बोसॉनसाठी ४ येतो, अगदी दुप्पट. फर्मिऑनची दोन्ही पदं एकमेकांना खाऊन टाकतात आणि उरतं शून्य. मला हे शून्य फार विलक्षण वाटतं, कारण कणांमध्ये कसलंही बल आपण धरलेलंच नाही.

मात्र दोन लाटा एकमेकींवर पडतच नसतील, कण दूर-दूर असतील, तर या चिन्हाने काही फरक पडत नाही.

[पडद्यावर: हेलियमचा अणू]

हेलियममध्ये लाटा एकमेकींवर पडतात. एक इलेक्ट्रॉन सर्वात खालच्या 1s अवस्थेत, दुसरा तिच्या वरच्या 2s मध्ये. इलेक्ट्रॉन फर्मिऑन, पण चिन्ह उलटायचं ते स्पिन, म्हणजे इलेक्ट्रॉनचा अंगभूत फिरकीसारखा गुण, धरून, पूर्ण फलनाचं. स्पिनचा भाग अदलाबदलीत तसाच राहिला, तर जागेच्या भागाला उणे घ्यावं लागतं. इलेक्ट्रॉन एकमेकांपासून दूर राहतात आणि त्यांच्यातलं विद्युत प्रतिकर्षण कमी होतं. स्पिनचा भाग उलटला, तर जागेचा भाग अधिक चिन्हाचा. इलेक्ट्रॉन जवळ येतात, ऊर्जा वाढते. पहिली अवस्था तळापासून १९.८२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट वर, दुसरी २०.६२. इलेक्ट्रॉनांच्या चुंबकीय ओढाताणीतून इतका मोठा फरक येऊच शकत नाही.

स्पिनच्या या दोन मांडण्या म्हणजेच ती दोन घराणी. एका घराण्यातून दुसऱ्यात जायचं तर स्पिनची मांडणी बदलावी लागते, आणि प्रकाश सोडताना अणू ती सहसा बदलत नाही. म्हणून या नळीतल्या रेषा आजही दोन वायूंच्या असल्यासारख्या दिसतात.