सोयाबीनच्या पट्टीतले पन्नास हजार

(औसा तालुक्यातल्या एका गावात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, आडतीवरून सोयाबीनची पट्टी घेऊन आलात, देणीघेणी भागवली आणि हाती पन्नास हजार उरले असं धरू. ते वर्षाला आठ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी ठेवले. आता शेवटी हाती किती येतील?

बरेच जण तोंडीच सांगतात, वर्षाला चार हजार, पाच वर्षांचे वीस हजार, म्हणजे सत्तर हजार. हे सरळव्याज झालं. दर वर्षी व्याज काढून घेऊन खर्च केलंत तर हा हिशेब बरोबर आहे. ठेव तशीच राहू दिली तर मात्र तो चुकतो.

पहिल्या वर्षी ५०,००० चे आठ टक्के, म्हणजे ४,०००. रक्कम झाली ५४,०००. दुसऱ्या वर्षी आठ टक्के काढायचे ते या चोपन्न हजारांवर. व्याज ४,३२० आणि रक्कम ५८,३२०. वरचे तीनशे वीस आले कुठून? गेल्या वर्षीच्या चार हजार व्याजाचेच ते आठ टक्के. चक्रवाढीत एवढंच घडतं, बाकी काही नाही. तिसऱ्या वर्षी व्याज ४,६६५ रुपये ६० पैसे, रक्कम ६२,९८५.६०. चौथ्या वर्षी व्याज साधारण ५,०३९, रक्कम ६८,०२४. पाचव्या वर्षी ५,४४२ व्याज मिळून हाती येतात ७३,४६६. सरळव्याजापेक्षा तीन हजार चारशे सहासष्ट जास्त.

आता व्याजाचेच आकडे एकाखाली एक मांडा: ४,०००, ४,३२०, ४,६६५. प्रत्येक आकडा आधीच्यापेक्षा बरोबर आठ टक्क्यांनी मोठा आहे. पासबुक तपासायची हीच खूण. दर वर्षी व्याज सारखंच दिसत असेल, तर चक्रवाढ लागलेलीच नाही. व्याज बहुतेक बचत खात्यात वळतं होतंय. ठेवीचा फॉर्म भरताना चुकीच्या रकान्यात टिक झाली की असं होतं, आणि पाच वर्षं कुणाच्या लक्षातही येत नाही. बँका बहुधा तिमाहीला व्याज मुद्दलात मिळवतात. तिथे दर तीन महिन्यांना दोन टक्के असे वीस टप्पे पडतात आणि तेच पन्नास हजार ७४,२९७ होतात. म्हणून पासबुकातला आकडा आपल्या हिशेबापेक्षा थोडा जास्त निघाला तर गोंधळू नका.

खरी गंमत एजंटाच्या कागदावर असते. तो म्हणतो, "काका, साडेतेवीस हजार व्याज मिळतंय, भागिले पाच, भागिले पन्नास हजार. वर्षाला नऊ पूर्णांक चार टक्के पडले की!" भागाकार बरोबर आहे, निष्कर्ष चुकीचा. दर आठच आहे. मुदत जितकी लांबवाल, तितका असा भागून काढलेला दर फुगत जातो. म्हणून दोन योजना तोलताना फक्त चक्रवाढीचा वार्षिक दर विचारा.

आणि "पाच वर्षांत दामदुप्पट" असा फलक दिसला, तर? दुप्पट म्हणजे शंभर टक्के, भागिले पाच, वीस टक्के असं वाटतं. इथे ७२ चा आडाखा कामाला येतो. ७२ ला वर्षांनी भागा, दर निघतो. ७२ भागिले ५ म्हणजे १४.४. नेमका दर १४.८७ आहे, आडाखा चुकतो, पण थोडाच. आठ टक्क्यांना तो जवळजवळ चपखल बसतो. नऊ वर्षांत आपले पन्नास हजार ९९,९५० होतात, पन्नास रुपये कमी एक लाख. पोस्टाचं किसान विकास पत्र ७.५ टक्क्यांना ११५ महिन्यांत दुप्पट होतं. ७२ भागिले ७.५ करून पाहा, ९.६ वर्षं येतात, म्हणजे ११५ महिनेच की!

म्हणजे फलकवाला पोस्टाच्या जवळजवळ दुप्पट दर देतोय. तो कुठून देणार? त्यापेक्षा चढ्या दराने कर्ज वाटून. ते कर्ज बुडालं तर आपला हिशेब कितीही बिनचूक असो, तो कागदावरच राहतो. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकेतल्यासुद्धा, पाच लाखांपर्यंत ठेव विमा महामंडळाचं संरक्षण आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला ते महामंडळ संरक्षण देत नाही. दोन्ही पाट्यांवर 'सहकारी' असतं, म्हणून पावतीवर 'बँक' आहे की 'पतसंस्था' हे वाचून मगच पैसे मोजा.

सावकाराचा शेकडा तीनही याच आडाख्यात बसवा. दरमहा तीन टक्के, व्याज थकलं की मुद्दलात. ७२ भागिले ३, चोवीस महिने. पेरणीला उचललेले पन्नास हजार दोन वर्षांत लाखाच्या वर गेलेले असतात. तुमच्या ठेवीला तेवढं व्हायला नऊ वर्षं लागणार. ज्यांच्याकडे असं देणं बाकी आहे, त्यांनी पट्टीचे पैसे आधी तिकडे भरावेत.