तोंड धुताना तोल का जातो?

(लातूर येथे ज्येष्ठ नागरिकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, आज मी एकाच माणसाची गोष्ट सांगणार आहे. वय बासष्ट, गळ्यात माळ, औसा भागातले शेतकरी. आपण त्यांना मामा म्हणू. मामा म्हणाले, "डॉक्टर, सकाळी तोंडाला साबण लावून डोळे मिटले की मी पुढं जातोय. रातच्याला अंधारात तर पायाखाली गादी टाकल्यावानी वाटतंय." मुंग्या दीड वर्षापासून होत्या. सगळ्यांनी सांगितलं होतं, शुगर जुनी आहे, नसा गेल्या.

पण साखरेनं बिघडलेल्या नसांमध्ये बहुधा आधी बोटं बधिर होतात, आग होते. तोल इतक्या लवकर जाणं जरा वेगळं. मी कंप तपासायचा काटा, ट्यूनिंग फोर्क, त्यांच्या अंगठ्याला लावला. काही कळलं नाही. घोट्याला नाही, गुडघ्यालाही नाही. पाय जुळवून डोळे मिटायला सांगितलं, तर मामा डोलायला लागले. मेंदूला पायांची खबर पोचवणारी पाठीच्या कण्यातली वाट बिघडली की असं होतं, आणि तसं करणाऱ्या कारणांत बी-१२ या जीवनसत्त्वाची कमतरता वरच्या नंबरावर आहे.

मग औषधांची पिशवी उपडी केली. साखरेची गोळी मेटफॉर्मिन, १००० मिलिग्रॅम दोन वेळा, नऊ वर्षं. आणि रोज सकाळी उपाशीपोटी पँटोप्राझोल, ज्याला आपण 'गॅसची गोळी' म्हणतो. पाच वर्षांपूर्वी गुडघेदुखीच्या गोळ्यांबरोबर ती दहा दिवसांसाठी लिहिली होती. दुखण्याच्या गोळ्या बंद झाल्या, ही राहिली. मेडिकलवर चिठ्ठीशिवाय मिळते, मग बंद कोण करणार?

या दोन गोळ्या एकाच वाटेवर दोन ठिकाणी आडव्या येतात. अन्नातलं बी-१२ प्रथिनाला चिकटलेलं असतं. ते सोडवायला जठरातलं आम्ल लागतं आणि गॅसची गोळी तेच कमी करते. सुटलेलं बी-१२ पुढं लहान आतड्याच्या शेवटच्या भागात शोषलं जातं. तिथं त्याला आत घेण्यासाठी कॅल्शियमची मदत लागते, आणि मेटफॉर्मिन त्या कामात अडथळा आणतं असं मानलं जातं. वर मामा शाकाहारी. भाकरी, वरण, भाजी यांत बी-१२ जवळजवळ नसतंच. दूध-दह्यात असतं, पण मामांचं दूध म्हणजे चहातलं तेवढंच. यकृतातला साठा काही वर्षं पुरतो, म्हणून हे दुखणं उशिरा उघडं पडतं.

रक्त तपासलं. हिमोग्लोबिन १०.८, पण तांबड्या पेशींचा आकार नॉर्मल. इथंच फसगत होते. बी-१२ कमी असलं की पेशी मोठ्या होतात, लोह कमी असलं की लहान. मामांना दोन्हींची कमतरता होती, सरासरी आकार मधेच राहिला. आणि अनेकांत तर रक्त ठीक असतानाच नसा बिघडतात. बी-१२ निघालं १४२. दोनशेच्या खाली म्हणजे कमी. दोनशे ते तीनशे संशयाचा पट्टा, तिथं बी-१२ कमी पडलं की रक्तात वाढणारं होमोसिस्टीन किंवा मिथाइल मॅलोनिक आम्ल तपासावं लागतं, पण किडनी अधू असेल तर हे दोन्ही आकडे तसेही वाढलेले दिसतात.

एक सांगतो. 'नसांच्या गोळी'त बहुतेक वेळा बी-१२ असतंच. ती चालू असताना तपासलं तर आकडा छान येतो आणि आपण निर्धास्त होतो. सुई घेण्याआधी रक्त द्या, आणि गोळी चालू असेल तर सांगा.

आता, तपासायचं कुणाचं? मेटफॉर्मिन चार-पाच वर्षांहून जास्त किंवा दिवसाला दीड ग्रॅमच्या पुढं घेणाऱ्यांचं वर्षा-दोन वर्षांतून एकदा. त्यात गॅसची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल, माणूस शाकाहारी असेल किंवा साठी ओलांडली असेल, तर मी वर्ष चुकू देत नाही. जठराचं किंवा आतड्याचं ऑपरेशन झालेल्यांनाही यातच धरतो. मात्र मुंग्या, तोल जाणं, विसरभोळेपणा, जिभेची आग किंवा रक्त कमी असेल, तर वर्षांचा हिशेब न करता लगेच तपासायचं. गेल्याच महिन्यात मेटफॉर्मिन सुरू झालेल्या, अंडी-मासे खाणाऱ्या तरुणाला मी ही तपासणी सांगत नाही, उगाच खर्च.

मामांची मेटफॉर्मिन बंद केली नाही. साखरेसाठी ती उत्तम काम करत होती. १००० मायक्रोग्रॅमची बी-१२ ची सुई आधी दिवसाआड, मग आठवड्याला, मग महिन्याला. नुसतं फॉलिक ॲसिड दिलं असतं तर रक्त सुधारलं असतं आणि नसा मात्र बिघडत राहिल्या असत्या. गॅसची गोळी एकदम सोडली की आम्ल उसळतं, म्हणून ती आधी अर्ध्या ताकदीची, मग दिवसाआड करत थांबवली. लोह सुरू केलं.

सहा महिन्यांनी काटा गुडघ्याला आणि घोट्याला कळू लागला. मामा आता उभ्यानं तोंड धुतात. अंगठे मात्र अजून बधिर आहेत. दीड वर्षाचा उशीर झाला होता.