सिंकभोवतीची सात फूट फट

रात्रीचे साडेनऊ. ताईंच्या स्वयंपाकघरात जेवणाची भांडी आज सिंकमध्ये नाहीत, न्हाणीघरातल्या टबात आहेत. परवा सकाळपर्यंत ती तिथेच घासली जातील. अट मिस्त्रीकाकांची आहे, आणि ती त्यांनी सिंकभोवतीची फट नव्या सिलिकॉननं भरायचं काम घेतानाच घातली होती.

ओटा जुना, काळ्या कडप्प्याचा. त्यावर स्टीलचं सिंक, चोवीस बाय अठरा इंची, कड दगडावर टेकलेली. आमचा कॅमेरा कडेजवळ नेला की दिसते तुटक्या सिलिकॉनची एक काळवंडलेली पट्टी, आणि तिच्या शेजारी दगडावर पांढुरका, फिका पट्टा. ताईंनी तो चिंचेनं घासला, लिंबानंही घासला. पट्टा आणखी पसरला.

कारण कडप्पा हा चुनखडीचा दगड. त्याला आम्ल चालत नाही. बाजारात सर्रास मिळणारं स्वस्त सिलिकॉन वाळताना ॲसिटिक आम्ल सोडतं. ट्यूब उघडताच व्हिनेगरसारखा वास येतो तो त्याचाच. काच, टाइल यांना ते उत्तम. कडप्पा आणि संगमरवराला मात्र ‘न्यूट्रल’ सिलिकॉनच लागतं. काकांनी आणलेल्या ट्यूबवर तो शब्द आहे, आणि दगडासाठी चालतं असंही छापलंय.

जुनं सिलिकॉन कटरनं दोन्ही बाजूंनी सोडवून काढलं. उरलेला चिकट थर प्लास्टिकच्या पट्टीनं खरवडला, कारण नवं सिलिकॉन जुन्यावर धरत नाही. मग स्पिरिटचा बोळा. हे सगळं दुपारीच झालं होतं. संध्याकाळभर पंखा लावून फट कोरडी केली.

आता टेप. फटीपासून पाच मिलिमीटर अंतरावर एक पट्टी स्टीलवर, तितक्याच अंतरावर दुसरी दगडावर. सिंकचे कोपरे गोल असतात, तिथे काका टेपचे बोटभर तुकडे एकावर एक चढवत वळण घेतात. प्रत्येक पट्टीची आतली कड नखानं दाबतात. कड नीट बसली नसेल तर सिलिकॉन खाली शिरतं आणि टेप लावण्याचा उपयोगच राहत नाही.

नोझल तिरकं कापलंय, फटीच्या रुंदीपेक्षा जरासंच मोठं. गन एका चालीनं, न थांबता. चारी बाजू मिळून सात फूट, पण 280 मिलीच्या ट्यूबमधलं जेमतेम तीस-चाळीस मिली लागतं. जास्त ओतलं की सगळं बोटावर येतं.

लगेच बोट. साबणाच्या पाण्यात बुडवलेलं, पण निथळवलेलं. हे पाणी सिलिकॉन टाकण्याआधी फटीत गेलं तर सिलिकॉन धरणारच नाही. बोटानं ते फटीत दाबायचं, खरवडून काढायचं नाही. एका बाजूला एकच फेर. काकांच्या बोटामागे किंचित खोलगट, गुळगुळीत रेघ उमटत जाते. वरचं सगळं टेपवर जातं, बोट कागदाला पुसलं जातं.

“आता गप्प बसू नका, टेप ओढा!” काका आम्हाला म्हणतात. सिलिकॉनवर दहा-पंधरा मिनिटांत साय धरते. ती धरली की टेपबरोबर कड फाटून येते आणि करवतीसारखे दात उरतात. म्हणून ओलं असतानाच, फटीपासून दूर, तिरकं, सावकाश. उरलेली रेघ सुरेख आहे. ताईंचं बोट तिच्याकडे जातं, काका हात धरतात.

वर साय आली म्हणजे आत पक्कं झालं असं नाही. सिलिकॉन हवेतल्या ओलाव्यानं बाहेरून आत घट्ट होतं, दिवसाला साधारण दोन ते तीन मिलिमीटर. पावसाळ्यात लवकर, डिसेंबरच्या कोरड्या हवेत जरा उशिरा. पण ट्यूबवर लिहिलंय म्हणून काका कधीच भरवसा ठेवत नाहीत. त्यांनी त्याच वेळी एका फुटक्या टाइलवर तेवढ्याच जाडीचा ठिपका टाकून ओट्याच्या कडेला ठेवलाय.

दुसऱ्या रात्री ते तो ब्लेडनं मधोमध कापतात. वरून रबरासारखा, पण आतलं बोटाला अजून चिकटतंय. “नाही,” इतकंच म्हणतात. ताई न्हाणीघरातल्या टबाकडे पाहतात.

तिसऱ्या दिवशी सकाळी ठिपक्याचा दुसरा तुकडा. आतून एकसारखा, कोरडा. काका पाण्याचा नळ सोडतात, ताई सिंकखालच्या कपाटाचं दार उघडून हात घालून बघतात. खालचा जुना कागद कोरडाच आहे. मग त्या टबातली भांडी आणायला जातात.