कालस्थिरांक म्हणजे त्रेसष्ट टक्के नव्हे

श्रोतेहो, आजचा जाहीर विषय एकसर जोडलेल्या रेझिस्टर-कपॅसिटर मंडलातील ऊर्जेचा हिशेब हा आहे आणि त्याकडे मी येणारच आहे. परंतु त्याआधी एका व्याख्येविषयीची माझी जुनी तक्रार मांडू द्या, कारण ती दूर झाल्याशिवाय ऊर्जेचा हिशेब नीट उलगडत नाही. कालस्थिरांक म्हणजे काय, असे कोणालाही विचारले, की उत्तर ठरलेले असते: कपॅसिटर अंतिम व्होल्टेजच्या ६३ टक्क्यांपर्यंत चार्ज व्हायला लागणारा वेळ. हे विधान खोटे नाही. पण त्रेसष्टच का, साठ किंवा सत्तर का नाही, हा प्रश्न विचारला की वर्गात शांतता पसरते, आणि विद्यार्थी तो आकडा पाठ करून पुढे जातो.

आपण एकच मंडल घेऊ आणि शेवटपर्यंत तेच वापरू. १० व्होल्टचा पुरवठा, १ मेगाओहमचा रेझिस्टर, १० मायक्रोफॅरडचा रिकामा कपॅसिटर आणि एक स्विच. स्विच दाबल्याच्या क्षणी कपॅसिटरवर शून्य व्होल्ट आहेत, म्हणून सगळे १० व्होल्ट रेझिस्टरवर पडतात आणि १० मायक्रोअँपिअर प्रवाह वाहू लागतो. एवढ्या प्रवाहाने या कपॅसिटरचे व्होल्टेज सेकंदाला १ व्होल्ट या वेगाने वाढते. हाच वेग कायम राहिला असता, तर १० व्होल्ट गाठायला बरोबर १० सेकंद लागले असते. रोध आणि धारिता यांचा गुणाकार करून पाहा, तोही १० सेकंदच येतो.

वेग अर्थातच कायम राहत नाही. कपॅसिटर ५ व्होल्टपर्यंत आला, की रेझिस्टरवर ५ व्होल्टच उरतात, प्रवाह निम्मा होतो आणि व्होल्टेज सेकंदाला अर्धा व्होल्ट एवढेच वाढते. आता ज्यांच्या हातात कागद आहे त्यांनी कृपया हिशेब करावा: उरलेले ५ व्होल्ट, या क्षणाच्या वेगाने, किती सेकंदांत भरतील? पुन्हा १० सेकंद. ९ व्होल्टवर असताना उरला १ व्होल्ट आणि वेग सेकंदाला एक दशांश व्होल्ट, म्हणजे पुन्हा १० सेकंदच. माझ्या मते कालस्थिरांकाचा भौतिक अर्थ इथे आहे. कोणत्याही क्षणी घड्याळ सुरू करा, उरलेले अंतर भागिले त्या क्षणाचा वेग हा भागाकार नेहमी तोच येतो. मंडलाला स्विच कधी दाबला हे आठवावे लागत नाही. त्याला फक्त किती उरले आहे एवढेच ठाऊक असते. वेग उरलेल्या अंतराच्या प्रमाणात घटत गेला, की एका कालस्थिरांकानंतर अंतराचा 1/e हिस्सा, म्हणजे सुमारे ३७ टक्के, शिल्लक राहतो. त्रेसष्ट हा शंभरातून ती शिल्लक वजा केल्यावर येणारा आकडा आहे. तो परिणाम आहे, व्याख्या नव्हे.

कोणी म्हणेल, उत्तर तेच येत असेल तर एवढा आग्रह कशासाठी? कारण प्रयोगाच्या टेबलावर उत्तर तेच येत नाही. हेच मंडल जुळवा आणि कपॅसिटरवर साधा डिजिटल मल्टिमीटर लावा. डीसी व्होल्ट मोजताना अशा बहुतेक मीटरांचा स्वतःचा रोध १० मेगाओहम असतो. आपला रेझिस्टर १ मेगाओहमचा आहे, त्यामुळे मीटर आता मंडलाचाच एक भाग होतो. कपॅसिटर १० व्होल्टपर्यंत पोहोचूच शकत नाही, तो ९.०९ व्होल्टवर थांबतो. आणि कपॅसिटरच्या बाजूने पाहिले, तर दोन्ही रोध समांतर असल्यामुळे कालस्थिरांकही घटून ९.०९ सेकंद होतो.

आता पाठ केलेला नियम घेऊन विद्यार्थी बसतो. पुरवठा १० व्होल्ट, म्हणून तो मीटरवर ६.३२ येण्याची वाट पाहतो आणि त्या आकड्याला स्टॉपवॉच थांबवतो. त्याला सुमारे १०.८ सेकंद मिळतात. म्हणजे कालस्थिरांक खरे तर कमी झाला आहे आणि मोजमाप मात्र तो वाढल्याचे सांगते. चूक नुसती मोठी नाही, तिची दिशाच उलटी आहे. आणि ती शोधू पाहणारा कपॅसिटरवर छापलेल्या धारितेवर संशय घेतो, कारण इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरच्या खऱ्या आणि छापील धारितेत २० टक्क्यांपर्यंतची तफावत सर्रास असते आणि ८ टक्क्यांचा फरक तिच्यात सहज लपतो.

सुरुवातीचा वेग मात्र पाहा. मीटर लावल्यावर ९.०९ व्होल्ट भागिले ९.०९ सेकंद, म्हणजे सेकंदाला १ व्होल्ट, अगदी पूर्वीइतकाच. असे होणारच, कारण पहिल्या क्षणी कपॅसिटरवर व्होल्टेज नसते, म्हणून मीटर काहीच प्रवाह ओढत नाही. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरची अंतर्गत गळतीही अशीच, आरंभी गप्प आणि शेवटी वरचढ असते. शेवटचे काही मायक्रोअँपिअर जेव्हा गळतीतच जातात, तेव्हा मीटर काढून घेतला तरी व्होल्टेज पूर्ण १० व्होल्टपर्यंत चढत नाही.

यातून बाहेर पडण्याची माझी आवडती रीत अंतिम व्होल्टेज मागत नाही आणि स्विचचा क्षणही मागत नाही. समान अंतराने तीन वाचने घ्या. वरच्या मंडलात ५ सेकंदांच्या अंतराने ३.८४६, ६.०६५ आणि ७.३४५ व्होल्ट मिळतात. पहिली वाढ २.२१९, दुसरी १.२८०, दुसरी भागिले पहिली हे गुणोत्तर ०.५७७. त्याचा नैसर्गिक लॉगॅरिथम उणे ०.५५ आहे, ५ सेकंदांना ०.५५ ने भागले की ९.०९ सेकंद, म्हणजे मीटर जोडलेल्या मंडलाचा खरा कालस्थिरांक हाती येतो. मीटरचा प्रभावच टाळायचा असेल, तर १० किलोओहम आणि १००० मायक्रोफॅरड घ्यावेत; गुणाकार तोच राहतो आणि मीटरचा वाटा एक दशांश टक्क्यावर येतो.

संयोजकांनी वेळ संपत आल्याची खूण केली आहे, त्यामुळे जाहीर केलेला विषय आता भराभर मांडावा लागेल. मीटर काढलेल्या मूळ मंडलाकडे परत या. आरंभीचा १० मायक्रोअँपिअर प्रवाह न घटता एक कालस्थिरांक वाहिला आणि मग एकदम थांबला असे समजा. १० सेकंदांत १०० मायक्रोकूलॉम जातात, आणि कपॅसिटरला अखेर मिळणारा एकूण विद्युतभारही तेवढाच आहे. पुरवठ्याने हा भार १० व्होल्टवर दिला, म्हणजे १ मिलिज्यूल ऊर्जा दिली.

रेझिस्टरमधील उष्णतेचा दर प्रवाहाच्या वर्गावर अवलंबून असतो, म्हणून तो दुप्पट वेगाने विझतो. त्याचा कालस्थिरांक निम्मा, ५ सेकंद. आरंभीची शक्ती १०० मायक्रोवॅट. ५ सेकंदांनी गुणले की अर्धा मिलिज्यूल. उरलेला अर्धा कपॅसिटरमध्ये साठतो. आता रोध दहापट कमी करा. आरंभीची शक्ती दहापट वाढते, कालस्थिरांक दहापट घटतो आणि गुणाकार तोच राहतो. म्हणून स्थिर व्होल्टेजवरून रिकामा कपॅसिटर पूर्ण चार्ज करताना अर्धी ऊर्जा उष्णतेत जाते, रोध कितीही असो. तो फक्त ती किती वेळात जाईल हे ठरवतो.

रोध शून्याजवळ नेला तर काय, हा प्रश्न पहिल्या रांगेतून आला आहे. तेव्हा तारांचे प्रवर्तकत्व दुर्लक्षित करता येत नाही, व्होल्टेज १० च्या वर जाऊन हेलकावे खाऊ लागते, आणि एका कालस्थिरांकाने त्या मंडलाचे वर्णन करता येत नाही.