‘चिंता कमी करणे’ हे उद्दिष्ट कसे तपासायचे?
(ठाण्यात समुपदेशकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

मित्रहो, समुपदेशनाच्या आराखड्यात सर्वाधिक वेळा आढळणारे वाक्य म्हणजे ‘क्लायंटची चिंता कमी करणे आणि आत्मविश्वास वाढवणे’. या वाक्यामागचा हेतू योग्यच आहे; परंतु दोन महिन्यांनी ते साध्य झाले की नाही, यावर आपण आणि क्लायंट यांचे मत वेगळे पडले, तर निकाल कशाच्या आधारे लावायचा, हे त्यात कुठेच लिहिलेले नसते.

यासाठी मी रचलेले एक उदाहरण घेऊ. नौपाड्यात राहणाऱ्या आणि ऐरोलीत नोकरी करणाऱ्या 34 वर्षांच्या एका स्त्रीला ठाण्याहून सुटलेल्या लोकलमध्ये अचानक छातीत धडधड, घाम आणि श्वास कोंडल्याची भावना असा पॅनिक अटॅक आला. हृदय आणि थायरॉइडच्या तपासण्या डॉक्टरांनी करून घेतल्या, त्यात काही निघाले नाही. मात्र त्यानंतर ती लोकलमध्ये चढलेली नाही. ती रिक्षाने जाते किंवा रजा टाकते.

आता ‘चिंता कमी करणे’ हेच उद्दिष्ट ठेवले आणि मोजमापासाठी जीएडी-7 ही प्रश्नावली वापरली, तर काय होईल ते पाहा. सात प्रश्नांची ही प्रश्नावली मागील दोन आठवड्यांतील त्रास विचारते आणि तिचे गुण 0 ते 21 या दरम्यान येतात. समजा, या स्त्रीने नोकरीच सोडली. लोकलचा प्रश्न उरणार नाही, सकाळची धास्ती जाईल आणि गुणही खाली येऊ शकतील. कागदावर उद्दिष्ट साध्य झाले आणि प्रत्यक्षात तिचे जग आणखी लहान झाले. टाळण्यामुळे चिंता तात्पुरती कमी होतेच. म्हणून अशा तक्रारीत केवळ चिंतेचे गुण हे उद्दिष्ट म्हणून पुरेसे नाहीत. ते सोबत नोंदवावेत, पण उद्दिष्ट वर्तनाच्या भाषेत लिहावे.

ते लिहिण्यासाठी तिला विचारावे: “त्रास कमी झाला, तर आज जे करत नाही असे तुम्ही काय करू लागाल?” ती म्हणते, “एकटी लोकलने ऑफिसला जाईन.” इथे धागा हाती लागला. त्यानंतर लगेच लक्ष्य ठरवू नये. आधी एक आठवडा तिच्याकडून साधी नोंद ठेवून घ्यावी. समजा, कामाच्या पाच दिवसांपैकी तीन दिवस रिक्षा, दोन दिवस रजा आणि लोकल शून्य, असे निघाले. ही मूळ स्थिती आराखड्यात लिहिल्याशिवाय पुढचा कोणताही आकडा निरर्थक आहे.

मग उद्दिष्ट असे होईल: ‘10 आठवड्यांच्या आत, सलग दोन आठवडे, कामाच्या पाच दिवसांपैकी किमान चार दिवस ती ठाणे ते ऐरोली हा प्रवास ऑफिसच्या वेळेत लोकलने एकटी करेल, नोंद त्याच दिवशी तिच्या डायरीत होईल.’ पाचऐवजी चार दिवस ठेवले, कारण एखाद्या दिवशी गाड्या विस्कळीत होतात किंवा ताप येतो, आणि तेवढ्यावरून अपयश लिहिले जाऊ नये. ‘न घाबरता’ हा शब्द मी मुद्दाम घातलेला नाही. भीती असतानाही प्रवास पूर्ण करणे, हेच या उपचाराचे काम आहे. भीती शून्य होण्याची अट घातली, तर पहिल्याच धडधडीला ती स्वतःला नापास ठरवेल. भीतीची तीव्रता 0 ते 10 मध्ये ती डायरीत वेगळी लिहील.

टप्पेही असेच तपासता येण्याजोगे असावेत: प्रथम गर्दी नसताना पतीसोबत ऐरोलीपर्यंत, मग एकटीने दिघा गावपर्यंत, नंतर एकटीने ऐरोलीपर्यंत, आणि शेवटी गर्दीच्या वेळी. ‘श्वसनाचे व्यायाम शिकवणे’ हे यात येत नाही. ते आपण करणार असलेले काम आहे, तिच्यात झालेला बदल नव्हे.

एक धोका मात्र नीट पाहावा लागतो. डायरीत चार दिवस लोकल दिसते, पण चौकशी केल्यावर कळते की संपूर्ण प्रवासात ती पतीशी फोनवर बोलत होती आणि दारालगतच उभी होती. आकडा पूर्ण झाला, परंतु ‘फोन होता म्हणून वाचले’ ही समजूत तशीच राहिली. म्हणून ‘एकटी’ म्हणजे काय, हे सुरुवातीलाच तिच्याबरोबर ठरवून लिहावे: सतत फोन सुरू न ठेवता आणि उतरण्याची वेळ होईपर्यंत दारापासून आत.

चौथ्या आठवड्याच्या आढाव्यात नोंद अजूनही शून्यावर असेल, तर तिची इच्छाशक्ती कमी आहे, असा निष्कर्ष काढू नये. पहिला टप्पा फार उंच आहे का, पद्धत चुकते आहे का, आणि मुळात लोकलने जाण्याची इच्छा तिची आहे की रिक्षाच्या खर्चावरून घरच्यांनी धरलेला आग्रह आहे, हे याच क्रमाने विचारावे. उत्तर काहीही आले, तरी जुने उद्दिष्ट खोडू नये. त्याखाली तारीख, बदलाचे कारण आणि नवे उद्दिष्ट लिहावे, आणि ते तिला वाचून दाखवून तिची संमती नोंदवावी.