सहा ओळींचं टाचण

[दृश्य: केंद्रशाळेचा हॉल, सतरंजीवर बसलेले शिक्षक, समोर फळा]

सातारा जिल्ह्यातल्या एका केंद्राची शिक्षण परिषद चालू आहे. दर महिन्याला केंद्रातल्या सगळ्या शाळांचे शिक्षक असे एकत्र बसतात, केंद्रप्रमुख असतात, आधी माहिती देवाणघेवाण, मग कोणी तरी एखाद्या विषयावर बोलतं. आजचा विषय आहे रोजचं पाठ टाचण छोटं आणि कामाचं कसं ठेवायचं. आणि बोलणार आहेत एका दोनशिक्षकी शाळेच्या मुख्याध्यापिका. पहिली आणि दुसरी हे दोन्ही वर्ग एकाच खोलीत त्याच शिकवतात, मुख्याध्यापकाचं काम वेगळं.

बाई उभ्या राहतात आणि पहिल्यांदा पिशवीतून एक जाड वही काढतात. त्यांचीच, काही वर्षांपूर्वीची टाचण वही. अक्षर सुंदर, लाल शाईनं समास, आणि प्रत्येक पाठाला रकाने: उद्दिष्टे, शिक्षक कृती, विद्यार्थी कृती, फलकलेखन, मूल्यमापन. मग त्या वही पुढच्या रांगेतल्या एका शिक्षकाच्या हातात देतात आणि म्हणतात, "सर, पानं उलटून बघा आणि मला सांगा, शिकवताना ही वही मी उघडली होती असं कुठल्या पानावरून वाटतं?"

सर बराच वेळ पानं उलटत राहतात. कुठे खडूचा डाग नाही, कुठे खाडाखोड नाही, नंतर केलेली एक खूण नाही. प्रत्येक पान जसं रात्री लिहिलं तसंच राहिलंय.

बाई सांगतात की हा नमुना आपण डी.एड.ला शिकलो. हर्बार्टची पंचपदी, प्रस्तावनेपासून उपयोजनापर्यंत, आणि मागच्या बाकावर बसून पाठ बघणारे मार्गदर्शक. तिथे दिवसाला फार तर एखादा पाठ घ्यायचा असायचा आणि तो कागद त्या मागे बसलेल्या माणसानं वाचायचा असायचा, म्हणून तो लांब होता, आणि तिथे ते बरोबरच होतं कारण शिकाऊ माणसाला प्रत्येक पायरी लिहून काढल्याशिवाय समजत नाही. पण माझ्या खोलीत दोन वर्ग आहेत, मराठी, गणित, इंग्रजी तिन्ही धरले तर दिवसाचे सहा पाठ होतात. शिक्षण हक्क कायद्यात शिक्षकाच्या आठवड्याच्या ४५ तासांत तयारीचा वेळही धरलेला आहे, पण तो सगळा रकाने भरण्यात गेला तर तयारी कधी करायची? मी रोज संध्याकाळी सव्वा तास लिहायचे आणि सकाळी वर्गात गेल्यावर पाठ्यपुस्तकच उघडायचे, वही टेबलावर बंद.

इथे हॉलमध्ये बऱ्याच माना हलतात. हे सगळ्यांच्या घरी चालतं, फक्त कोणी असं उभं राहून बोलत नाही.

[दृश्य: पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा, पेन्सिलनं लिहिलेल्या सहा ओळी]

आता बाईंच्या हातात पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा आहे, लग्नपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूचा कापलेला. यावर एक पाठ, सहा ओळी. पाठ दुसरीचा, हातच्याची वजाबाकी. त्या ओळी त्या जशा आहेत तशा वाचून दाखवतात.

पहिल्या ओळीत मुलं आज काय करतील ते: ४३ − २६ सारखी वजाबाकी, दहा काड्यांचा गठ्ठा सुटा करून. दुसऱ्या ओळीत सामान, काड्या आणि रबर. तिसऱ्या ओळीत सुरुवातीचा प्रश्न, अगदी जसा तोंडानं विचारणार तसाच: "माझ्याकडे चार गठ्ठे आणि तीन सुट्या काड्या आहेत, ताईला सहा सुट्या हव्यात, कुठून देऊ?" चौथ्या ओळीत मुलं कुठे अडकणार: ६ मधून ३ काढतील. पाचव्या ओळीत त्या वेळी पहिली काय करत असेल: दहा-दहा काड्या मोजून गठ्ठे बांधणे. आणि सहाव्या ओळीत शेवटच्या पाच मिनिटांत पाटीवर द्यायचं एक उदाहरण.

बस, एवढंच. उद्दिष्टं आणि अध्ययन निष्पत्ती घटक नियोजनात एकदा लिहिलेली असतात, ती रोज परत उतरवायची गरज नाही असं बाईंचं म्हणणं. "विद्यार्थी लक्षपूर्वक ऐकतात" हे वाक्य मी किती वर्षं लिहिलं, ते वाचून मला वर्गात काहीच वेगळं करता आलं नाही, म्हणून ते काढलं. पण तिसऱ्या ओळीतला प्रश्न मात्र शब्दन् शब्द लिहायचा. कारण वर्गात उभं राहून प्रश्न सुचेल असं वाटतं आणि ऐन वेळी तोंडातून निघतं "समजलं का?", आणि मुलं म्हणतात होऽऽ.

पाचवी ओळही मला, हे निवेदन लिहिताना, फार महत्त्वाची वाटली. दोन वर्गांच्या खोलीत पाठ फसतो तो बहुतेक वेळा दुसऱ्या वर्गामुळे, त्यांना काम नसतं आणि मग पाच मिनिटांत बाईंना तिकडे पळावं लागतं. इथे पहिलीच्या मुलांनी बांधलेले गठ्ठे लगेच दुसरीची मुलं सोडतात, म्हणजे दोन्ही वर्गांचं काम एकाच काड्यांच्या ढिगातून निघतं, आणि लहानांना आपण बांधलेला गठ्ठा मोठ्यांनी सोडला याची गंमत वाटते ती वेगळीच.

[दृश्य: फळ्यावर ५२ − २७]

पण बाई सगळ्यात जास्त वेळ थांबल्या त्या सहाव्या ओळीवर. त्यांनी फळ्यावर लिहिलं ५२ − २७ आणि सांगितलं की सुरुवातीला माझ्या कार्डवर शेवटचं उदाहरण हेच होतं. दुसरीत ११ मुलं. त्यातल्या सहा जणांच्या पाटीवर आलं ३५. उत्तर २५ हवं होतं, म्हणजे सहाही जण चुकले, आणि मी दुसऱ्या दिवशी सहाही जणांना परत काड्यांवर बसवलं. दोन दिवस गेले. दोघांना फायदा झाला, चौघं नुसते कंटाळले, आणि का कंटाळले ते मला कळेना.

मग एका मुलीला शेजारी बसवून विचारलं, ३५ कसं आलं सांग. ती म्हणाली, बारातून सात गेले पाच, पाचातून दोन गेले तीन. म्हणजे तिला गठ्ठा सोडायचा हे माहीत होतं, तिनं दोनाचे बारा केले होते, फक्त पाच गठ्ठ्यांतला एक कमी झाला हे ती विसरली. शेजारच्या मुलाला विचारलं तर तो म्हणाला, सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन. त्याला गठ्ठा सोडायचा हेच माहीत नव्हतं, तो मोठ्या आकड्यातून लहान काढत होता. दोन वेगळ्या चुका, उत्तर एकच.

हॉलमध्ये दोन-तीन जण वहीवर भराभर मांडून बघायला लागतात.

बाई समजावतात की हे असं होतं कारण इथे एककाच्या घरात ७ आणि २ आहेत, त्यांच्यात फरक ५ चा. उलटं वजा केलं तरी ५ आणि दशक सुटा करून बरोबर वजा केलं तरी ५. म्हणून एककांतला फरक ५ असलेलं उदाहरण तपासायला घ्यायचंच नाही. त्यांनी ७ पुसून ८ केला. आता ५२ − २८. बरोबर उत्तर २४. जो मोठ्यातून लहान काढतो त्याचं येतं ३६, जो गठ्ठा सोडतो पण कमी करायला विसरतो त्याचं येतं ३४. पाटी वर केली की लांबून कळतं कोण कुठे आहे, काही विचारायला नको. त्या सहा जणांना मग हे दिलं तेव्हा चौघांचं आलं ३४ आणि दोघांचं ३६. त्या दोघांना काड्या हव्याच होत्या, आणखी दोन-तीन दिवस हव्या होत्या. बाकी चौघांना काड्यांची गरजच नव्हती, दशकाच्या घरातला ५ खोडून वर ४ लिहायची सवय लावली, आणि एका तासात त्यांचं काम झालं.

मग त्यांनी कार्डाची खालची कडा दाखवली. तिथे पेन्सिलनं लिहिलं होतं: ३४ – ४, ३६ – २. एवढीच नोंद, पाठ संपल्या संपल्या, घंटा व्हायच्या आत. दुसऱ्या दिवशीचं कार्ड याच नोंदीवरून लिहिलं जातं, त्यामुळे गेल्या वर्षीचं टाचण तारीख बदलून उतरवणं किंवा बाजारातली तयार वही आणणं आपोआप बंद होतं, कारण तुमच्या वर्गात ३४ किती जणांचं आलं हे त्या वहीत छापलेलं नसतं.

मागून एका तरुण शिक्षकानं विचारलं, बाई, तपासणीला साहेब आले आणि हे पुठ्ठे दाखवले तर? बाईंनी सरळ उत्तर दिलं. महिनाभराची कार्डं एका दोऱ्यात ओवून ठेवा, सोबत घटक नियोजन ठेवा आणि साहेबांना कालचं आणि आजचं कार्ड शेजारी ठेवून दाखवा, काल काय चुकलं म्हणून आज काय घेतलंय ते. समोर बसलेल्या केंद्रप्रमुखांकडे बघून त्या पुढे म्हणाल्या, साहेब, तुम्ही पण मग पानं मोजू नका, खालची पेन्सिलची ओळ वाचा. केंद्रप्रमुखांनी ते डायरीत लिहून घेतलं.

जिथे हे चालत नाही तेही त्यांनी सांगितलं. पहिल्या वर्षाच्या शिक्षकानं सहा ओळींवर जाऊ नये, त्यानं घटकातला पहिला पाठ तरी सविस्तर लिहावा, मुलं काय उत्तर देतील आणि त्यावर मी काय विचारेन इथपर्यंत, आणि पुढचे पाठ छोटे करावेत. आपणही नवीन घटक पहिल्यांदा घेताना तसंच करावं. आणि भाषेच्या तासाला हे कार्ड नीट बसत नाही. गोष्ट वाचून दाखवायची असेल तर त्या कार्ड करतच नाहीत, पुस्तकातच पेन्सिलनं दोन-तीन ठिकाणी रेघ मारतात, तिथे थांबायचं, आणि समासात तिथला प्रश्न. कवितेचं टाचण छोटं कसं करायचं हे मला अजून नीट जमलेलं नाही, कोणाला जमलं असेल तर पुढच्या परिषदेत सांगा, असंही त्या म्हणाल्या.

[दृश्य: शिक्षक गुडघ्यावर पुठ्ठे ठेवून लिहितायत]

शेवटची वीस मिनिटं सगळ्यांनी आपापल्या उद्याच्या गणिताच्या तासाचं कार्ड लिहायचं होतं. बाई रांगेतून फिरत प्रत्येकाची फक्त सहावी ओळ वाचत होत्या. सुरुवातीला ती जाड वही हातात घेतलेल्या सरांच्या कार्डवर होतं ६३ − १८. बाई काही बोलल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, सर, दोन्ही चुका करून बघा. सरांनी कडेला मांडलं. आठातून तीन पाच, सहातून एक पाच, पंचावन्न. मग तेरातून आठ पाच, सहातून एक पाच, परत पंचावन्न.

सरांनी ८ खोडला आणि ९ केला. परत मांडलं. एक चूक ५६, दुसरी ५४, बरोबर उत्तर ४४.