फक्त अ‍ॅनिमे बघता? मग खऱ्या माणसांचं जपानी इथून सुरू करा

नमस्कार मंडळी. 'नारुतो संपलं, वन पीस चालू आहे, आता खऱ्या माणसांचं जपानी काय बघू?' हा प्रश्न जवळपास प्रत्येक व्हिडिओखाली येतो. तर आज तेच.

आधी काय बघायचं नाही ते सांगतो. आपल्या आवडत्या अ‍ॅनिमेचा लाइव्ह-अ‍ॅक्शन अवतार पहिल्याच दिवशी लावू नका. 'अटॅक ऑन टायटन'चे 2015 चे दोन सिनेमे घ्या. त्यात लेव्हायच नाही, त्याच्या जागी भलताच माणूस! 2012 चा 'रुरौनी केन्शिन' मात्र चांगला जमलाय, तो नंतर बघा. अशा सिनेमांत अडचण कुठे येते? चित्रातलं पात्र तोंड वासून किंचाळलं की मजा येते, तेच खऱ्या चेहऱ्यावर ओव्हरॲक्टिंग वाटतं. मग लोक म्हणतात, 'जपान्यांना अभिनय येत नाही.' अहो, तुम्ही चुकीच्या दारातून आत शिरलात!

सुरुवात 'मिडनाइट डायनर'ने करा. नेटफ्लिक्सवर Midnight Diner: Tokyo Stories असं टाइप करा. टोकियोच्या शिंजुकूत एक छोटी खाणावळ आहे, रात्री बारा ते सकाळी सात उघडी असते. मेनूवर डुकराच्या मटणाचं सूप आणि दारू, बस. पण सामान असेल तर मालक सांगाल ते करून देतो. एक भाग साधारण 25 मिनिटांचा, गोष्ट त्यातच संपते, म्हणून कुठूनही सुरू करता येतं. एकच सूचना: नेहमीच्या गिऱ्हाइकांत एक स्ट्रिप डान्सरही आहे, त्यामुळे घरात लहान मुलं असतील तर हे नको, त्यांच्यासाठी पुढे सांगतो.

आता मुद्द्याची गोष्ट. या शिफारशीवर ठरलेली कमेंट येते: 'दादा, यात काहीच घडत नाही.' घडतं हो! फक्त कोणी बोलून दाखवत नाही.

टीव्हीवरच्या अ‍ॅनिमेत सेकंदाला 24 फ्रेम असतात, पण नवी चित्रं बहुतेक वेळा आठ किंवा बाराच काढतात. हाताची बारीक हालचाल काढायची तर चित्रं वाढतात, खर्च वाढतो. त्यापेक्षा चेहरा स्थिर ठेवून पात्राच्या मनातलं ऐकवणं स्वस्त पडतं. त्यामुळे मनातलं सगळं कानावर पडायची आपल्याला सवय लागते. खऱ्या नटाला हात थबकवायला जादा पैसे पडत नाहीत, म्हणून तीच गोष्ट तो हाताने सांगतो.

म्हणून 1.5 स्पीड बंद करा. उत्तर द्यायला माणूस दोन सेकंद घेतो, तेच दोन सेकंद तुम्ही कापता.

डबिंगही नको. मूळ आवाजातला अर्धवट 'हं' डबिंगमध्ये बऱ्याचदा पूर्ण वाक्य होऊन येतो, मग नटाने जे झाकलं ते डबिंगवाला उघडं करतो. जपानी ऑडिओ, खाली सबटायटल.

आणि कृपा करून फोन बाजूला ठेवा! अ‍ॅनिमे नुसतं कानाने ऐकत भाजी चिरता येते. इथे मान खाली घातली की प्रसंग गेला.

एक प्रसंग सांगतो. हिरोकाझू कोरे-एदाचा 2015 चा 'अवर लिटल सिस्टर'. तो आकिमी योशिदाच्या मांगावर आहे. 'बनाना फिश' तिचंच, अ‍ॅनिमेवाल्यांना नाव ओळखीचं असेल. कामाकुरात राहणाऱ्या तीन बहिणी, घर सोडून गेलेल्या वडिलांच्या अंत्यविधीला जातात. तिथे शाळकरी सावत्र बहीण भेटते, सुझू. परतताना तिघी ट्रेनमध्ये, सुझू फलाटावर. थोरली दारातून विचारते, आमच्याकडे राहायला येतेस का? सुझू जरा अडखळते, मग म्हणते, येते. दार बंद होतं, गाडी हलते आणि ती फलाटावरून गाडीबरोबर धावायला लागते. या पोरीला तिथे किती एकटं वाटत होतं, याबद्दल अवाक्षर नाही. अ‍ॅनिमेत इथे अर्ध्या मिनिटाचं स्वगत आलं असतं. इथे त्या अडखळण्यावर आणि धावण्यावर लक्ष ठेवायचं.

मुलांसोबत बघायचं असेल तर 'द माकानाई'. नेटफ्लिक्सवर 2023 मध्ये आली, नऊ भाग, सूत्रं पुन्हा कोरे-एदाकडेच. आओमोरीहून दोन मैत्रिणी माइको, म्हणजे शिकाऊ गेइशा, व्हायला क्योटोला येतात. एकीला ते जमतं, दुसरी, कियो, माइको राहतात त्या घरची स्वयंपाकीण होते. ही मालिका ज्या मांगावर आहे, त्याचं अ‍ॅनिमेही आहे. आधी अ‍ॅनिमेचे सुरुवातीचे भाग बघा, मग मालिकेचे. 'तू माइको होऊ शकणार नाहीस' हे कियो कसं घेते, ते दोन्हीकडे बघा आणि फरक कमेंटमध्ये लिहा. 'बोअर' एवढंच लिहिलंत तर मी स्पीड किती ठेवला होता ते विचारणार.